तहसीलदाराने स्वतःचाच आदेश फिरवला तर: पुनर्विलोकनाची सत्ता कशी तपासायची

महसुली कार्यालयात एखादा आदेश आपल्या बाजूने लागतो, आपण निर्धास्त होतो, आणि सात-आठ महिन्यांनी त्याच कार्यालयाचा, त्याच गोल शिक्क्याचा दुसरा आदेश हातात पडतो: "पूर्वीचा आदेश याद्वारे रद्द करण्यात येत आहे." बहुतेक माणसे लगेच भांडायला लागतात ती आदेशातल्या कारणांशी. तलाठ्याचा अहवाल खोटा, पंचनामा घरी बसून केलेला, समोरच्याचा नातेवाईक कार्यालयात कामाला, वगैरे. हे सगळे खरे असू शकते. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न राहून जातो: एकदा निकाल दिल्यावर तो बदलण्याची सत्ता या अधिकाऱ्याकडे आली कुठून?

हा प्रश्न आधी विचारला तर निम्मी प्रकरणे कारणांपर्यंत जातही नाहीत. तो कसा विचारायचा आणि उत्तर नस्तीत कुठे शोधायचे, ते इथे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या आधारे पाहू. या कायद्याच्या कलम २५८ मध्ये पुनर्विलोकनाची सत्ता आणि तिच्या मर्यादा एकाच ठिकाणी दिल्या आहेत.

आदेश कोणत्या जातीचा, हे आधी ठरवा

सरकारी सहीचा प्रत्येक कागद सारखा नसतो. काही आदेश निव्वळ प्रशासकीय असतात. शिबिराची तारीख, एखादी समिती, कामाचे वाटप, एखादे परिपत्रक. ते काढणारा ते मागेही घेऊ शकतो. केंद्राच्या सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ चे कलम २१ हेच सांगते: आदेश, नियम, अधिसूचना काढण्याच्या अधिकारात त्या बदलण्याचा आणि रद्द करण्याचा अधिकार आलाच. महाराष्ट्राच्या १९०४ च्या अधिनियमातही तशीच तरतूद आहे. अट एवढीच की आदेश ज्या पद्धतीने निघाला त्याच पद्धतीने तो रद्द व्हायला हवा. समितीची शिफारस घेऊन काढलेला आदेश नुसत्या टिपणीवर रद्द होत नाही.

पण दोन पक्ष समोर होते, पुरावा घेतला गेला, कोणाचा तरी हक्क ठरवला गेला, तर तो आदेश अर्धन्यायिक झाला. तिथे कलम २१ चा आधार चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली इंडियन नॅशनल काँग्रेस विरुद्ध इन्स्टिट्यूट ऑफ सोशल वेल्फेअर या प्रकरणात हे स्वच्छ सांगितले. प्रश्न होता राजकीय पक्षाची नोंदणी निवडणूक आयोग रद्द करू शकतो का, हा. न्यायालयाने म्हटले की नोंदणी देणे हे अर्धन्यायिक काम आहे आणि कायद्यात रद्द करण्याची तरतूद नाही, म्हणून आयोगाला ती एरवी रद्द करता येणार नाही. नोंदणी फसवून मिळवली असेल, अशासारखे मोजके अपवाद तेवढे न्यायालयाने ठेवले.

त्याच्याही आधी, १९७० मध्ये, सौराष्ट्रातल्या जमीन सुधारणेच्या एका वादात, म्हणजे पटेल नरसी ठाकरशी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने मूळ नियम घालून दिला होता. पुनर्विलोकनाची सत्ता अंगभूत नसते. ती कायद्याने स्पष्ट शब्दांत दिलेली असावी लागते, किंवा कायद्याच्या रचनेतून अपरिहार्यपणे निघावी लागते. वकील मंडळी अधिकारी "फंक्टस ऑफिशिओ" झाला असे म्हणतात ते याच अर्थाने: निकाल दिला की त्या प्रकरणापुरते त्याचे काम संपले.

निकाल केव्हा "दिला" असे धरायचे? नस्तीवर "मंजूर करण्यास हरकत नाही" असे लिहिणे म्हणजे आदेश नव्हे. बच्चित्तर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच सांगितले आहे की टिपणीतले मत रीतसर आदेशाच्या रूपात येऊन संबंधिताला कळवले जाईपर्यंत बदलता येते. त्यामुळे "साहेबांनी फाईलवर आमच्या बाजूने लिहिले होते" या आधारावर लढाई उभी राहत नाही. आदेशाला क्रमांक, तारीख, सही आहे का, आणि तो कळवला गेला का, हे पाहा.

अधिकारी कोणत्या कलमाखाली बसला होता

दुसऱ्या आदेशाच्या माथ्यावर किंवा पहिल्या परिच्छेदात कलम लिहिलेले असते. ते नसेल तर तीच पहिली हरकत. असेल तर पुढचे काम सोपे होते, कारण महसुली आदेश बदलण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा दरवाजा वेगळा आहे.

अपील कलम २४७ खाली वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. पुनरीक्षण कलम २५७ खाली वरचा अधिकारी खालच्याचे कागद मागवून करतो. पुनर्विलोकन कलम २५८ खाली तोच अधिकारी किंवा त्याच्या खुर्चीवर आलेला नवा अधिकारी करतो. चौथा मार्ग कलम १५५ चा, अधिकार अभिलेखातल्या चुका दुरुस्त करण्याचा.

सर्वाधिक गैरवापर होतो तो या १५५ चा, आणि का ते समजून घेण्यासारखे आहे. या कलमात "कोणत्याही वेळी" असे शब्द आहेत, म्हणजे मुदतीची अडचण नाही. वरच्याची मंजुरी लागत नाही. त्यामुळे जे काम २५८ खाली होणार नाही ते "लेखनप्रमाद दुरुस्ती" असे नाव देऊन १५५ खाली उरकण्याचा मोह होतो. कलमाची व्याप्ती मात्र लहान आहे: लेखनातल्या चुका, संबंधित पक्षांनी मान्य केलेल्या चुका, आणि तपासणीत महसूल अधिकाऱ्याच्या लक्षात आलेल्या चुका. या शेवटच्या प्रकारात पक्षांना नोटीस देऊन, हरकत आल्यास तक्रारी नोंदीच्या पद्धतीने तिचा निकाल लावूनच दुरुस्ती करता येते.

ओळखण्याची कसोटी साधी ठेवा. खरेदीखतात ०.८१ हेक्टर आहे आणि सातबारावर ०.१८ पडले आहे. दोन कागद शेजारी ठेवले की चूक दिसते, कोणाचा हक्क ठरवावा लागत नाही. हे १५५ चे काम. पण "फेरफार मंजूर करताना बहिणींची नावे घ्यायला हवी होती", "विक्रेत्याला विकण्याचा हक्कच नव्हता", "वाटप पत्रातली सही बनावट आहे" हे ठरवायला पुरावा ऐकावा लागतो. अशी गोष्ट १५५ खाली केली असेल, तर नाव दुरुस्तीचे असले तरी तो निकाल फिरवण्याचाच प्रकार आहे. एकदा प्रमाणित झालेला फेरफार चूक वाटत असेल तर मार्ग प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपिलाचा आहे, आणि मालकीचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालयाचा.

आणखी एक सावधानता. तहसीलदार एकाच खुर्चीवरून अनेक कायदे चालवतो. मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ खाली त्याने रस्त्यातला अडथळा काढण्याचा आदेश दिला असेल, तर त्याला संहितेचे कलम २५८ आपोआप लागू होते असे गृहीत धरू नका. ज्या कायद्याखाली पहिला आदेश झाला, त्याच कायद्यात तो बदलण्याची सत्ता शोधायची.

कलम २५८ च्या अटी

संहितेने पुनर्विलोकनाची सत्ता दिली आहे, म्हणजे "सत्ताच नाही" हा मुद्दा इथे सरसकट चालणार नाही. पण ती अटींसह दिली आहे आणि त्या अटी पाळल्या नाहीत तर आदेश टिकत नाही.

पहिली अट पूर्वमंजुरीची. जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला लेखनातल्या चुकीखेरीज दुसऱ्या कारणाने आदेश पुन्हा पाहायचा असेल, मग तो स्वतःचा असो की आधीच्याचा, तर आपल्या लगतच्या वरिष्ठाची मंजुरी आधी घ्यावी लागते. तहसीलदाराच्या बाबतीत हा वरिष्ठ सहसा उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत. खुद्द जिल्हाधिकाऱ्याला स्वतःचा आदेश पाहायला मंजुरी लागत नाही. आधीच्या जिल्हाधिकाऱ्याचा पाहायचा असेल तर विभागीय आयुक्तांची लागते. कलमातला "आधी" हा शब्द महत्त्वाचा आहे. आदेश करून मग कार्योत्तर मंजुरीसाठी पाठवणे म्हणजे ही अट पाळणे नव्हे.

दुसरी अट नोटिशीची. आदेश बदलण्यापूर्वी संबंधितांना हजर राहून त्या आदेशाच्या समर्थनार्थ बोलण्याची संधी द्यावी लागते. वरिष्ठाने मंजुरी दिली म्हणून ही नोटीस टळत नाही.

तिसरी अट अपिलाची. आदेशावर अपील किंवा पुनरीक्षण चालू असेल तोवर पुनर्विलोकन होत नाही. अपिलात किंवा पुनरीक्षणात निकाल झाला असेल, तर तो निकाल देणाऱ्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला तो आदेश पुन्हा उघडता येत नाही. प्रांताने कायम केलेला आदेश तहसीलदार फिरवू शकत नाही.

चौथी अट शेतकऱ्यांच्या बहुतेक वादांना लागू पडते आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जाते. खासगी व्यक्तींमधल्या हक्काच्या प्रश्नावरचा आदेश अधिकाऱ्याला स्वतःहून पुन्हा पाहता येत नाही. मूळ प्रकरणातल्या पक्षकाराचाच अर्ज लागतो, आणि तो आदेश झाल्यापासून ९० दिवसांच्या आत. अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून मोजतात. ही आदेशाच्या तारखेपासून. कलम २५१ खाली पुरेसे कारण दाखवून उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी कारण मांडावे लागते आणि अधिकाऱ्याने त्यावर मत द्यावे लागते. विलंबाचा शब्दही न काढता अर्ज दाखल करून घेतला असेल तर ती नोंद करून ठेवा.

राहिली कारणे. ती तीनच आहेत: नवा आणि महत्त्वाचा पुरावा सापडणे, अभिलेखावर उघड दिसणारी चूक, किंवा अन्य पुरेसे कारण. हे तिसरे ऐकायला मोकळे कुरण वाटते. मात्र दिवाणी प्रक्रियेतल्या अशाच शब्दांचा अर्थ न्यायालयांनी पहिल्या दोहोंशी मिळत्याजुळत्या कारणांपुरता धरला आहे. नव्या अधिकाऱ्याला त्याच पुराव्यावरून वेगळे वाटले, एवढे पुरत नाही. ते अपिलाचे काम. आणि नवा पुरावा म्हणजे काल तयार केलेला पुरावा नव्हे. जो तेव्हा अस्तित्वात होता, पण वाजवी खटपट करूनही हाती लागला नव्हता, तो.

शेवटी एक तरतूद आहे जिच्यात माणसे पाय अडकवून घेतात. पुनर्विलोकनात झालेल्या आदेशाचे पुन्हा पुनर्विलोकन होत नाही. नवा तहसीलदार आला म्हणून त्याच्यापुढे "आता तुम्ही हा आदेश फिरवा" असा अर्ज घेऊन जाऊ नका. अर्ज फेटाळला जाईल आणि तोवर अपिलाची मुदत संपलेली असेल.

एक प्रकरण तारखांसह

समजा गट ९१ च्या शेतकऱ्याला शेतात जायला वाट नाही. त्याने कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागितला. तहसीलदारांनी दोन्ही बाजू ऐकून, स्थळपाहणी करून, १८ जून २०२४ रोजी गट ८७ आणि ८८ च्या सामाईक बांधावरून रस्ता दिला. ८७ वाला शेजारी जाबदेणार होता, हजर होता, त्याने अपील केले नाही.

नवे तहसीलदार आले. शेजाऱ्याने ५ फेब्रुवारी २०२५ ला पुनर्विलोकनाचा अर्ज दिला: पश्चिमेकडून दुसरी वाट आहे, पूर्वीच्या तहसीलदारांनी ती पाहिली नाही. तलाठ्याकडून अहवाल मागवला गेला आणि २० मार्च २०२५ ला रस्त्याचा आदेश रद्द झाला. गट ९१ वाल्याला प्रत मिळाली २ एप्रिलला.

त्याने पहिल्यांदा अर्ज करावा तो संपूर्ण प्रकरणाच्या नकलेसाठी: पुनर्विलोकनाचा अर्ज, रोजनामा म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार कामकाजाची नोंद, नोटिशीची पोच, तलाठ्याचा अहवाल आणि प्रांताचे मंजुरीपत्र. नुसती आदेशाची नक्कल घेऊन येणे ही नेहमीची चूक आहे, कारण अटी पाळल्या की नाही हे आदेशात क्वचित दिसते, रोजनाम्यात दिसते. मंजुरीपत्र मिळाले नाही, तर प्रांत कार्यालयातही माहितीच्या अधिकारात विचारावे: या प्रकरणात कलम २५८ खाली मंजुरी दिली होती का, दिली असल्यास कोणत्या तारखेला. दोन्ही कार्यालयांची उत्तरे एकमेकांशी जुळतात का, यावरून बरेच कळते.

आता मोजणी. १८ जून २०२४ पासून ९० दिवस १६ सप्टेंबर २०२४ ला संपले. अर्ज आला २३२ व्या दिवशी, आणि रोजनाम्यात विलंबमाफीचा उल्लेख नाही. रस्त्याचा हक्क हा दोन खासगी शेतकऱ्यांमधला प्रश्न, म्हणून तहसीलदारांना "मी स्वतःहून पाहिले" असेही म्हणता येत नाही. रोजनाम्यात मंजुरीची नोंद नाही. नोटीस मात्र दिलेली आहे आणि गट ९१ वाला एका तारखेला हजरही होता, त्यामुळे "मला ऐकलेच नाही" ही तक्रार त्याने करू नये. तिथे एक खोटी तक्रार घातली की खऱ्या तक्रारींवरचाही विश्वास उडतो. तलाठ्याचा अहवाल त्याला दाखवला नसेल, तर तेवढेच लिहावे.

कारणांकडे पाहिले तर पश्चिमेची वाट जून २०२४ मध्येही तिथेच असणार. शेजारी तिथलाच, सुनावणीला हजर. त्याने ती तेव्हा दाखवायला हवी होती. हा नवा पुरावा होत नाही. आणि "स्थळपाहणी नीट झाली नाही" हा अपिलाचा मुद्दा आहे.

पुढचा मार्ग. आधीचा आदेश बदलणारा पुनर्विलोकनाचा आदेश कलम २४९ प्रमाणे मूळ आदेशासारखाच अपिलाला पात्र असतो. (अर्ज फेटाळला असता, तर कलम २५२ मुळे त्यावर अपील झाले नसते.) तहसीलदार जिल्हाधिकाऱ्याच्या खालच्या दर्जाचा, म्हणून मुदत ६० दिवस, आदेश मिळाल्यापासून, म्हणजे १ जून २०२५. तो रविवार. नकलेसाठी लागलेले दिवस वजा होतात, पण त्या हिशोबावर विसंबून शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबण्यात शहाणपण नाही. अपिलासोबतच कलम २५६ खाली स्थगितीचा अर्ज द्यावा. नाहीतर पावसाच्या तोंडावर बांध फोडला जातो आणि मग वाद कागदावरच उरतो.

रस्त्याच्या प्रकरणात आणखी एक फाटा आहे. कलम १४३ प्रमाणे तहसीलदाराच्या निर्णयाविरुद्ध एका वर्षात दिवाणी दावाही लावता येतो, पण दावा लावला की त्या निर्णयावर अपील किंवा पुनरीक्षण चालत नाही. घाईने दोन्ही केले तर अपील हातचे जाईल. सत्तेबाहेर झालेला आदेश हाच मुख्य मुद्दा असेल तर आधी अपील बरे. वाट वहिवाटीची आहे की नाही याचा सविस्तर पुरावाच द्यायचा असेल तर दावा.

अपील ज्यांच्याकडे जाईल ते प्रांत, आणि मंजुरी दिली असेल तर तीही त्यांनीच. हे अवघडलेले असले तरी अडचण नाही. मंजुरी म्हणजे "पुन्हा पाहायला हरकत नाही" इतकेच; प्रकरणाच्या गुणदोषांवर ते मत नव्हे, आणि अपिलात हे वाक्य विनयाने लिहून टाकावे.

हरकत कशी लिहायची

दुसरा आदेश अजून झालेला नाही, फक्त नोटीस आली आहे, अशा वेळी तुम्ही सगळ्यात मजबूत जागी असता. पहिल्याच तारखेला लेखी प्राथमिक हरकत द्या आणि तिची नोंद रोजनाम्यात करून घ्या. मजकूर असा असू शकतो:

"मूळ आदेश दिनांक … रोजी उभय पक्षांना ऐकून झालेला असून तो खासगी व्यक्तींमधील हक्काच्या प्रश्नाबाबत आहे. सदर अर्ज कलम २५८ मधील ९० दिवसांच्या मुदतीनंतर दाखल झालेला आहे व विलंबमाफीचा अर्ज नाही. लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमंजुरी घेतली असल्यास तिची प्रत देण्यात यावी. अर्जात नमूद केलेले कारण कलम २५८ (२) मधील कोणत्या खंडात बसते, ते अर्जदाराने स्पष्ट करावे. गुणदोषांवरील म्हणणे राखून ठेवून, अर्ज चालण्यास पात्र आहे काय, या मुद्द्यावर आधी निर्णय व्हावा, ही विनंती."

लगेच गुणदोषांवरचे म्हणणेही वेगळ्या कागदावर तयार ठेवा. प्राथमिक हरकत फेटाळून त्याच दिवशी युक्तिवाद ऐकला जाणे अशक्य नाही.

जिथे आदेश मागे घेता येतो

आतापर्यंतचे वाचून कोणाला वाटेल की एकदा मिळालेला आदेश म्हणजे दगडावरची रेघ. तसे नाही. दोन ठिकाणी कायद्यात तरतूद नसली तरी प्राधिकरणाला मागे वळता येते.

एक, कार्यपद्धतीतली गंभीर चूक. नोटीस बजावलीच नव्हती आणि एकतर्फी आदेश झाला, किंवा प्रकरण चुकून दुसऱ्या तारखेला बोर्डावर घेतले गेले. ग्रिंडलेज बँक प्रकरणात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हा फरक केला आणि २००५ मध्ये कापरा मजदूर एकता युनियन प्रकरणात तो अधिक उलगडून सांगितला: निर्णय चूक आहे म्हणून पुन्हा पाहणे वेगळे, आणि निर्णयापर्यंत पोचण्याची वाटच सदोष होती म्हणून तो बाजूला ठेवून पुन्हा ऐकणे वेगळे. दुसऱ्यासाठी वेगळी सत्ता लागत नाही. मात्र इथे आदेश बाजूला ठेवून फेरसुनावणी लावायची असते. एकतर्फी म्हणून आदेश रद्द केला आणि त्याच कागदावर समोरच्याच्या बाजूने निकालही दिला, तर तो या अपवादात बसत नाही.

दोन, फसवणूक. प्राधिकरणापासून महत्त्वाची गोष्ट लपवून किंवा खोटा कागद देऊन आदेश मिळवला असेल, तर तो परत घेण्यास ते असमर्थ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका विमा कंपनीच्या प्रकरणात म्हटले आहे. पण "फसवणूक" हा शब्द अर्जात लिहिला म्हणजे झाले असे नाही. कोणी, काय लपवले, ते कसे कळले, आणि ते माहीत असते तर आदेश वेगळा झाला असता का, याचे तपशील लागतात, समोरच्याला उत्तर देण्याची संधी लागते आणि आदेशात तसा निष्कर्ष लागतो. खरेदीखतावरची सही खोटी, या वादात तहसीलदाराने हस्ताक्षरतज्ज्ञ बनू नये. ते दिवाणी न्यायालयाचे क्षेत्र आहे.

मुदत लिहिलेली नसेल तेव्हा

अधिकारी स्वतःहून किंवा वरिष्ठ पुनरीक्षणात आदेश उघडतो, तेव्हा कलमात बहुधा मुदत नसते. म्हणून ती अमर्याद होत नाही. पाटील राघव नाथा प्रकरणात राजकोटजवळच्या जमिनीला जिल्हाधिकाऱ्यांनी १९६० च्या जुलैमध्ये बिनशेती परवानगी दिली होती. आयुक्तांनी ती १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये रद्द केली. अशी परवानगी मिळाल्यावर मालक काही महिन्यांतच बांधकामावर खर्च करू लागण्याची शक्यता असते. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये सांगितले की असा अधिकार वाजवी काळातच वापरायचा असतो आणि इथे उशीर झाला. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २००९ साली न्यायालयाने कलम २५७ साठी, अपवादात्मक परिस्थिती सोडून, साधारण तीन वर्षे हा अंदाज घालून दिला; तिथे पुनरीक्षण १७ वर्षांनी मागितले गेले होते.

म्हणून आदेशानंतर तुम्ही काय केले याचे कागद जपा: विहिरीचे कर्ज, बांधकामाची बिले, पुढचे खरेदीखत, पाइपलाइनची पावती. उशिराचा मुद्दा नुसत्या वर्षांवर उभा राहत नाही; त्या वर्षांत तुम्ही आदेशावर विसंबून काय केले, त्यावर तो भक्कम होतो.

जिंकूनही हरण्याची एक जागा

सत्तेबाहेरचा आदेश रद्द करण्यासाठी अपिलाऐवजी थेट उच्च न्यायालयात रिट करण्याचा मोह होतो. अधिकारच नव्हता किंवा ऐकूनच घेतले नाही, अशा वेळी पर्यायी उपाय असूनही रिट चालू शकते. पण तिथे जाण्यापूर्वी आपल्या मूळ आदेशाकडे निष्ठुरपणे पाहा. गड्डे वेंकटेश्वर राव प्रकरणात आंध्रातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या जागेचा वाद होता. सरकारने सत्ता नसताना स्वतःचाच आदेश पुन्हा पाहून फिरवला, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तरीही तो रद्द केला नाही, कारण तो रद्द केला असता तर त्यापूर्वीचा दुसरा बेकायदा आदेश जिवंत झाला असता.

म्हणजे समोरच्याने चुकीच्या दारातून येऊन तुमचा आदेश काढून घेतला, हे सिद्ध होऊनही रिट न्यायालय तो परत देईलच असे नाही. मूळ आदेशातच नोटीस नव्हती, पुरावा नव्हता, किंवा तो अधिकाराबाहेरचा होता, तर अपिलात जाऊन फेरसुनावणी मागणे हेच पदरात काही पाडणारे ठरते. तेव्हा मागणीही तशीच लिहावी: पुनर्विलोकनाचा आदेश रद्द व्हावा, आणि मूळ आदेशात दोष आढळल्यास प्रकरण उभय पक्षांना ऐकून नव्याने निर्णयासाठी परत पाठवावे.